दऱ्या, दर्या आणि एक रिकामी चौकट

"शोध चालत नाही. कृपया लवकर दुरुस्त करा."

ओपन सोर्स सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माणसाच्या वाट्याला असे निरोप सतत येतात. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. अडचण खरी असते आणि ती कळवण्याची तसदीही त्याने घेतलेली असते. पण वाचणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. कसला शोध, काय टाइप केलं, काय यायला हवं होतं, काय आलं, फोनवर की संगणकावर, कालपर्यंत चालत होतं की कधीच चाललं नाही? नळवाल्याला फोन करून "पाणी येत नाही" म्हटलं की तोही आधी विचारतो, टाकी रिकामी आहे का, कॉक उघडा आहे का, शेजारच्यांकडे येतंय का. फरक एवढाच की नळवाला फोनवर लगेच उत्तर मिळवतो. सॉफ्टवेअरवाला प्रश्न लिहितो, तीन दिवसांनी अर्धं उत्तर येतं, तो पुन्हा विचारतो, आणि मग समोरचा माणूस गायबच होतो.

हे टाळण्यासाठी गेल्या दहा वर्षांत एक साधी गोष्ट रुळली आहे. तक्रार लिहायला चौकट उघडली की ती कोरी नसते, तिच्यात प्रश्न आधीच मांडलेले असतात. त्याला टेम्प्लेट म्हणतात. दिसायला ती बँकेतल्या पैसे भरायच्या स्लिपसारखी. पण कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणता नाही यात खरं कसब आहे, आणि बहुतेक टेम्प्लेट तिथेच फसतात.

आधी दोन शब्द उलगडून घेतले पाहिजेत. ओपन सोर्स प्रकल्पाचा कोड सगळ्यांना वाचायला खुला असतो. त्यात काही बिघडलं, किंवा काही नवं हवं असलं, तर जी नोंद करायची ती 'इश्यू'. आणि बिघाड स्वतःच दुरुस्त करून "हा माझा बदल, मूळ कोडमध्ये घ्या" असं म्हणायचं, ती 'पुल रिक्वेस्ट'. दोन्ही ज्याच्याकडे जातात तो मेंटेनर. पुष्कळदा तो हे काम नोकरी सांभाळून, रात्री जेवणं झाल्यावर, फुकट करत असतो.

जानेवारी २०१६ मध्ये अशाच मेंटेनरांनी गिटहब या कंपनीला एक खुलं पत्र लिहिलं. जगातल्या ओपन सोर्स प्रकल्पांपैकी फार मोठा हिस्सा गिटहबवर राहतो. पत्राखाली बघता बघता शेकडो सह्या जमल्या. तक्रारींमध्ये पहिल्या काहींतली एक हीच होती: लोक इश्यू नोंदवतात, पण बिघाड पुन्हा कसा घडवायचा आणि कोणत्या आवृत्तीवर पाहिला, हे त्यात नसतं. दुसरी तक्रार होती ती नुसतं "+1" लिहून जाणाऱ्यांची. महिन्याभरात, फेब्रुवारी २०१६ मध्ये, गिटहबने इश्यू आणि पुल रिक्वेस्टचे टेम्प्लेट सुरू केले. प्रकल्पात ठरावीक नावाची एक फाइल ठेवायची, की तिच्यातला मजकूर नव्या इश्यूच्या चौकटीत आपोआप येऊन बसतो. २०१८ मध्ये एकाच प्रकल्पाला अनेक टेम्प्लेट ठेवता येऊ लागले: बिघाडासाठी वेगळा, नव्या सुविधेच्या मागणीसाठी वेगळा. २०२१ मध्ये खरेखुरे फॉर्म आले. त्यांत रकाने, पर्यायांच्या याद्या आणि 'हे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही' अशी सोय आहे.

कल्पना मात्र गिटहबहून जुनी. चांगल्या बग रिपोर्टला तीन गोष्टी लागतात, असं जोएल स्पॉल्स्की यांनी २००० सालीच लिहून ठेवलं होतं: बिघाड पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या, काय अपेक्षित होतं, आणि प्रत्यक्षात काय दिसलं. आजचे बहुतेक टेम्प्लेट उकलून पाहिले तर आत हेच तीन प्रश्न निघतात.

मग तीन प्रश्न छापले की काम झालं का? तसं होत नाही, आणि त्यामागचं कारण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सापडतं. अपाची, एक्लिप्स आणि मोझिला या मोठ्या प्रकल्पांतल्या प्रोग्रामरांना आणि त्यांच्याकडे बग नोंदवणाऱ्यांना संशोधकांनी विचारलं की बग रिपोर्टमध्ये सगळ्यांत उपयोगी काय असतं. ४६६ जणांनी उत्तरं दिली. प्रोग्रामरांना सगळ्यांत जास्त हव्या होत्या बिघाड पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या आणि प्रोग्राम कोलमडताना पडणारा तांत्रिक माग. आणि नोंदवणाऱ्यांना द्यायला अवघड वाटणाऱ्या गोष्टींत नेमक्या ह्याच होत्या. म्हणजे लोक आळशी आहेत म्हणून माहिती येत नाही, असं सरसकट म्हणता येत नाही. जे हवं असतं तेच द्यायला कठीण असतं. टेम्प्लेटचं काम हे देणं सोपं करणं आहे. नुसतं 'द्या' म्हणून ठणकावून काही साधत नाही.

ही गोष्ट ज्यांना उमगली त्यांचे टेम्प्लेट ओळखू येतात. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या बग टेम्प्लेटमध्ये 'वर्णन करा' असा शब्दच नाही. तिथे अर्धवट वाक्यं आहेत: `I tried this code`, मग कोड चिकटवायला जागा, `I expected to see this happen`, मग जागा, `Instead, this happened`, मग जागा. लिहिणाऱ्याने फक्त वाक्य पूर्ण करायचं. आणि 'तुमची आवृत्ती कोणती' असं विचारण्याऐवजी तिथे एक कमांडच दिली आहे:

```
rustc --version --verbose
```

ही चालवायची आणि जे छापून येईल ते जसंच्या तसं चिकटवायचं. माणसाला आवृत्ती विचारली की तो "लेटेस्ट" म्हणतो. 'लेटेस्ट' हा शब्द ज्या दिवशी लिहिला त्या दिवसापुरताच खरा असतो, आणि बरेचदा त्या दिवशीही नसतो. कमांडला मात्र अंदाजाने उत्तर देता येत नाही.

व्हिडिओ उतरवून घेणाऱ्या वायटी-डीएलपी या प्रोग्रामने याच युक्तीची पुढची पायरी गाठली आहे. त्यांच्या फॉर्ममध्ये `yt-dlp -vU` असं लिहून पुढे आपली मूळ कमांड द्यायला सांगतात आणि आलेला सगळा मजकूर मागतात. यातल्या `v` मुळे आतलं कामकाज सविस्तर छापलं जातं, आणि `U` मुळे प्रोग्राम आधी स्वतःची नवी आवृत्ती आहे का ते पाहून ती बसवून घेतो. संकेतस्थळं रोज बदलतात, त्यामुळे जुन्या आवृत्तीतला बिघाड नव्या आवृत्तीत मिटलेला असण्याची शक्यता बरीच असते. म्हणजे काही जणांची तक्रार फॉर्म भरता भरताच निकालात निघते आणि मेंटेनरपर्यंत पोचतच नाही. प्रश्न विचारता विचारता उपचारही करून टाकायचा, यात मिश्कीलपणा आहे आणि शहाणपणही.

व्हीएस कोड या संपादकाच्या टेम्प्लेटमध्ये असाच एक प्रश्न आहे: सगळी एक्स्टेन्शन बंद केल्यावरही हे घडतं का? उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. व्हीएस कोडवर बाहेरच्या लोकांनी लिहिलेली जोडणी भाराभर बसवलेली असतात, आणि बिघाड अनेकदा त्यांपैकी एखाद्यात असतो. 'नाही' असं उत्तर आलं की तक्रारीचा पत्ताच बदलतो. एका प्रश्नाने शोधाचं अर्धं मैदान कमी होतं. चांगल्या प्रश्नाची खूण हीच: उत्तर 'हो' आलं तर मेंटेनर एक गोष्ट करतो, 'नाही' आलं तर दुसरी. दोन्ही उत्तरांनी तो तेच करणार असेल, तर तो प्रश्न केवळ शोभेचा.

आता हे सगळं एका मराठी अडचणीवर लावून पाहू. पुढचा प्रसंग समजण्यासाठी रचलेला आहे, पण त्यातला बिघाड अगदी खरा आहे आणि मराठी मजकुरावर काम करणाऱ्याला तो कधी ना कधी भेटतोच.

समजा, वाचनालयांच्या पुस्तकयाद्या ठेवणारा एक छोटा ओपन सोर्स प्रोग्राम आहे. कोकणातल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई कळवतात: "दऱ्या शोधलं तर पुस्तक येत नाही. पुस्तक यादीत आहे." मेंटेनर पुण्यात बसून आपल्या संगणकावर 'दऱ्या' टाइप करतो, शोधतो, पुस्तक येतं. तो लिहितो, "माझ्याकडे चालतंय." बाई म्हणतात, "माझ्याकडे नाही." इथे दोघंही खरं बोलत आहेत. कोऱ्या चौकटीत हा संवाद असाच महिनाभर चालू शकतो, आणि शेवटी 'पुन्हा घडवता आलं नाही' असा शेरा मारून इश्यू बंद होतो.

गोम आहे ती 'ऱ' मध्ये. आपल्याला जो अर्धा, आडवा र दिसतो तो संगणकात एकापेक्षा जास्त रीतींनी लिहिता येतो, आणि युनिकोडच्या नियमांत त्या मान्य आहेत. एक रीत म्हणजे `U+0931` हे स्वतंत्र अक्षर 'ऱ' आणि पुढे हलन्त. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून J दाबलं की हेच अक्षर उमटतं. दुसरी रीत म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर `U+200D` नावाचं एक न दिसणारं जोडचिन्ह. काही कीबोर्ड ही रीत वापरतात. पडद्यावर दोन्ही शब्द एकसारखे दिसतात. पण संगणक अक्षरांचे क्रमांक ताडून पाहतो, आणि क्रमांक वेगळे आहेत:

```python
a = "द\u0931\u094dया"         # दऱ्या, पहिली रीत
b = "द\u0930\u094d\u200dया"   # दऱ्या, दुसरी रीत
print(a == b)                 # False
```

पुस्तकाची नोंद कोणीतरी वाचनालयातल्या संगणकावर पहिल्या रीतीने केली होती. बाई शोधत होत्या फोनवरून, दुसऱ्या रीतीने. मेंटेनरच्या संगणकावरचा कीबोर्डही पहिल्याच रीतीचा, म्हणून त्याच्याकडे सगळं सुरळीत. त्याने बाईंचा शब्द डोळ्यांनी वाचून स्वतः टाइप केला, आणि त्याच क्षणी बिघाड पुसला गेला.

आता याच इश्यूसाठी टेम्प्लेट कसा हवा ते पाहा. 'काय अडचण आहे ते सविस्तर लिहा' या प्रश्नाला बाईंनी पानभर लिहिलं असतं तरी हे बाहेर आलं नसतं, कारण त्यांना स्वतःला ते दिसतच नव्हतं. कामाला येतील असे प्रश्न दोनच. पहिला: शोधलेला शब्द हाताने पुन्हा न लिहिता शोधाच्या चौकटीतून उचलून इथे चिकटवा. दुसरा: तो कशावर टाइप केला, फोन की संगणक, आणि कीबोर्ड कोणता. पहिल्या उत्तरात ते न दिसणारं चिन्ह आपसूक चिकटून येतं. दुसऱ्यामुळे मेंटेनरला कुठे पाहायचं ते कळतं. दोन्हींची उत्तरं द्यायला बाईंना युनिकोडमधलं काहीही ठाऊक असण्याची गरज नाही.

गिटहबच्या फॉर्ममध्ये हा पहिला प्रश्न असा लिहिला जातो:

```yaml
name: बिघाड कळवा
description: काहीतरी चुकीचं दिसतंय
body:
  - type: input
    id: exact
    attributes:
      label: शोधलेला शब्द
      description: पुन्हा टाइप करू नका. शोधाच्या चौकटीतून उचलून चिकटवा.
    validations:
      required: true
```

ही फाइल `.github/ISSUE_TEMPLATE` या फोल्डरमध्ये जाते. दोन बारकावे इथे लोकांना फसवतात. फाइल प्रकल्पाच्या मुख्य शाखेत पोचल्याशिवाय फॉर्म दिसत नाही. वेगळ्या शाखेत ठेवून "का येत नाही" म्हणून डोकं खाजवणारे कमी नाहीत. आणि शेवटच्या ओळीतली सक्ती फक्त सार्वजनिक प्रकल्पात लागू होते. कंपनीच्या खासगी प्रकल्पात तोच फॉर्म रिकाम्या रकान्यानिशीही पुढे सरकतो.

चिकटवलेला शब्द आला. मेंटेनरने तो उचलून आपल्याकडच्या शोधात टाकला आणि पुस्तक गायब झालं. बिघाड पुन्हा घडला, म्हणजे अर्धी लढाई संपली. उरलेली अर्धी पुल रिक्वेस्टची, आणि ती जास्त घसरडी आहे.

समजा, एका उत्साही विद्यार्थिनीने इश्यू वाचला आणि त्याच संध्याकाळी दुरुस्ती पाठवली. तिचा तर्क सरळ होता. न दिसणारं चिन्ह त्रास देतंय, तर तेच काढून टाकू:

```python
word = word.replace("\u200d", "")
```

खाली तिने लिहिलं, "टेस्ट केलं, चालतंय." प्रकल्पाच्या टेम्प्लेटमध्ये चाचणीसाठी फक्त एक खूण करायची चौकोनी जागा होती, 'मी हा बदल तपासला आहे'. तिने खूण केली. खोटं काहीच नव्हतं. शोध घेतल्यावर याद्या येत होत्या, प्रोग्राम कोलमडत नव्हता.

पण ते चिन्ह काढलं की उरतं काय? द, मग र, हलन्त आणि या. हा शब्द 'दऱ्या' नव्हेच, तो 'दर्या' झाला. डोंगरातली दरी शोधणाऱ्याला आता समुद्र मिळणार. पहिल्या रीतीने नोंदवलेल्या दऱ्या तर अजूनही सापडणार नाहीतच, वर यादीतली दर्यावर्दींची पुस्तकं मात्र समोर येतील. शाळेत व्याकरणाच्या तासाला 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतला फरक शिकवतात. एकात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. त्या एका ओळीने हे दोघेही एकच करून टाकले असते.

खुणेच्या चौकोनाने हे पकडता आलं नसतं. चौकोनाचं उत्तर एकच असतं, आणि पुल रिक्वेस्ट पाठवायच्या घाईत असलेला हात ते देतोच. म्हणून अनुभवी प्रकल्प चाचणीबद्दल लिहायला लावतात. फेसबुकमधून आलेल्या रिअॅक्ट नेटिव्हच्या पुल रिक्वेस्ट टेम्प्लेटमध्ये 'टेस्ट प्लॅन' असा स्वतंत्र भाग आहे. बदल बरोबर आहे हे कशावरून ठरवलं, ते तिथे दाखवायचं असतं. वर्डप्रेसचा संपादक गुटेनबर्ग. त्याच्या टेम्प्लेटमध्ये काय बदललं, का, कसं, हे विचारून झाल्यावर चाचणीच्या सूचना क्रमांक घालून मागतात, आणि त्यांतला पहिला क्रमांक आधीच भरून ठेवलेला असतो: एखादी पोस्ट किंवा पान उघडा. दुसरा: हेडिंगचा ब्लॉक घाला. म्हणजे पाठवणाऱ्याने स्वतःच्या मनातला विश्वास सांगायचा नसून दुसऱ्या माणसाने करून पाहायची कृती लिहायची आहे, हे नमुन्यावरूनच कळतं. पाककृती लिहिताना 'छान झालं होतं' असं कोणी लिहीत नाही, किती वाट्या आणि किती वेळ ते लिहितं, तसंच हे. त्याच टेम्प्लेटमध्ये फक्त कीबोर्डने वापरून पाहण्याच्या सूचनांसाठीही वेगळी जागा आहे. माऊस न वापरणाऱ्यांचा विचार त्यामुळे निदान एकदा तरी होतो.

आपल्या वाचनालयाच्या प्रोग्रामने चौकोन काढून त्या जागी दोन प्रश्न ठेवले असं धरू. बदलाआधी काय केल्यावर काय दिसत होतं, आणि आता काय दिसतं? आणि दुसरा, जो फारसा कोणी विचारत नाही: या बदलामुळे काय बदलता कामा नये, आणि ते बदललं नाही हे कसं पाहिलं?

हा दुसरा प्रश्न समोर आल्यावर विद्यार्थिनी थबकते. काय बदलता कामा नये? 'दर्या' शोधल्यावर जे येत होतं तेच यायला हवं. ती शोधून पाहते. मग 'दऱ्या' शोधते आणि दर्यावर्दी समोर येतात. तिची चूक तिला स्वतःलाच, पुल रिक्वेस्ट पाठवण्याआधी, घरच्या घरी सापडते. मेंटेनरला उद्धटपणाने काही लिहावं लागत नाही आणि तिला चारचौघांत ऐकून घ्यावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी ती ही दुरुस्ती पाठवते:

```python
word = unicodedata.normalize("NFC", word)
word = word.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

पहिली ओळ युनिकोडचा ठरलेला नियम लावते. 'ऱ' लिहायची आणखी एक तिसरी रीत आहे, साधा र आणि त्याखाली नुक्ता. ती या ओळीने पहिल्या रीतीत बदलते. न दिसणाऱ्या चिन्हाची रीत मात्र त्या नियमाच्या कक्षेत येत नाही, म्हणून दुसरी ओळ ती खास बदलते. चिन्ह सरसकट न काढता फक्त र आणि हलन्त यांच्यामागे आलं असेल तरच हात लावते. शोधाचा शब्द आणि यादीतला शब्द, दोन्ही याच गाळणीतून काढायचे. आणि चाचणीच्या जागी तिने लिहिलं आहे: 'दऱ्या' तिन्ही रीतींनी शोधलं, तिन्ही वेळा तेच एक पुस्तक आलं. 'दर्या' शोधलं, दऱ्यांचं पुस्तक आलं नाही. 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' वेगवेगळे राहिले. तपासणाऱ्याला हे करून पाहायला दोन मिनिटं पुरतात.

पुल रिक्वेस्टच्या बाबतीत एक अडचण आहे. गिटहबवर इश्यूसाठी जसे रकान्यांचे फॉर्म मिळतात तसे पुल रिक्वेस्टसाठी मिळत नाहीत. तिथे साधा मजकूरच आधी भरून येतो, आणि तो पूर्ण पुसून टाकायला कोणाची आडकाठी नाही. कुबरनेटीस या प्रचंड प्रकल्पाने यावर उपाय काढला आहे. त्यांच्या टेम्प्लेटमध्ये `release-note` नावाची एक चौकट असते. वापरणाऱ्यांना जाणवेल असा बदल असेल तर तो तिथे एका वाक्यात लिहायचा. काहीच जाणवणार नसेल तर `NONE` असं स्वतःच्या हाताने लिहायचं. चौकट रिकामी राहिली तर एक स्वयंचलित प्रोग्राम त्या पुल रिक्वेस्टवर चिठ्ठी लावतो आणि तिचं पुढे जाणं अडतं. रिकामी जागा म्हणजे विसर की नकार, हे ओळखता येत नाही. 'नाही' लिहायला लावलं की ओळखता येतं.

तरीही टेम्प्लेटचं पीक माजायला वेळ लागत नाही. एक विचित्र बग येतो, मेंटेनर चिडून एक प्रश्न वाढवतो. दुसरा येतो, दुसरा प्रश्न. दोन वर्षांत सातबाऱ्याच्या अर्जालाही लाजवेल असा फॉर्म तयार होतो, आणि लोक प्रत्येक रकान्यात एक टिंब टाकून पुढे जातात. सक्तीचा रकाना काहीतरी मिळवून देतो, खरं उत्तर मिळवून देतोच असं नाही. फॉर्म बिघडला आहे हे यावरूनच ओळखावं: उत्तरांत 'लागू नाही', टिंबं आणि 'वर लिहिलं आहे' वाढू लागतात. वाचनालयाच्या प्रोग्रामने ब्राउझरची आवृत्ती विचारली होती असं समजा, आणि गेल्या वर्षभरातल्या एकाही इश्यूत तिचा उपयोग झाला नव्हता. असा रकाना काढला पाहिजे. मेंटेनरने अधूनमधून शेवटचे वीसेक इश्यू उघडून पाहावे आणि कोणत्या उत्तरामुळे दुरुस्ती पुढे सरकली तेवढं मोजावं. ज्याचा हिशेब शून्य येईल तो प्रश्न जातो.

काही बिघाड मात्र कुठल्याच फॉर्मला दाद देत नाहीत. दहा वेळा करून एकदाच घडणारा, किंवा फक्त गर्दीच्या वेळी घडणारा बिघाड 'पायऱ्या लिहा' या प्रश्नात बसत नाही. तिथे 'किती वेळा केलं आणि किती वेळा घडलं' असं विचारणं जास्त प्रामाणिक. आणि लॉग चिकटवायला सांगताना त्यात पासवर्ड किंवा वाचकांची नावं जात नाहीत ना हे आधी पाहायला सांगणं भाग आहे, कारण सार्वजनिक इश्यू जगभर दिसतो आणि एकदा दिसलेला मजकूर मागे घेता येत नाही.

मराठी टाइप करणाऱ्या कोणालाही हे आजच उपयोगी पडेल. एखाद्या ॲपमध्ये मराठी शब्द सापडत नाही, तुटक दिसतो, किंवा यादीत भलत्याच जागी जाऊन बसतो, तर कळवताना तो शब्द पुन्हा टाइप करू नका. जिथे चुकला तिथूनच उचलून चिकटवा, आणि कोणत्या कीबोर्डवर लिहिला ते शेजारी लिहा. फॉर्ममध्ये तो प्रश्न नसला तरीही.